टी सेक्शनची तीन उत्तरं

प्रश्न: सर, डिप्लोमा सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फोंड्याला राहतो. १५० × १० मिमीच्या दोन पट्ट्या, एक आडवी वर आणि एक उभी तिच्याखाली, वेल्ड करून टी बीम केलाय. मी दोन्ही पट्ट्यांचा I म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया काढून बेरीज केली तर २८,२५,००० आला. मित्राने एकूण उंची १६० आहे म्हणून ८० वर न्यूट्रल अ‍ॅक्सिस धरून काढला, त्याचा १,१३,००,००० आला. पुस्तकात मागे उत्तर ७६,२५,००० दिलंय. आमचं नक्की कुठे चुकतंय? फॉर्म्युला तर दोघांनी तोच वापरला.

उत्तर:

आधी एक सांगतो, तिन्ही आकडे गणित म्हणून बरोबर आहेत. कॅल्क्युलेटरची चूक कोणाचीच नाही. तुझा २८.२५ लाख हा एका वेगळ्या बीमचा I आहे, मित्राचा १ कोटी १३ लाख हा अशा बीमचा आहे जो असूच शकत नाही, आणि पुस्तकाचा ७६.२५ लाख तू सांगतोयस त्या बीमचा. मी वीसेक वर्षं फॅब्रिकेशनची डिझाइनं करतोय, आधी बार्जच्या कामावर होतो मग शेड आणि मेझनाइन, आणि नवीन पोरं येतात ती याच दोन ठिकाणी अडकतात, म्हणून जरा सावकाश लिहितो.

पहिलं न्यूट्रल अ‍ॅक्सिसचं बघू, म्हणजे मित्राची चूक. बीम वाकला की वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि मधे एक थर असतो जो दाबलाही जात नाही ताणलाही जात नाही. तो न्यूट्रल. त्याच्यापासून जितकं लांब जाशील तितका ताण म्हणजे स्ट्रेस जास्त, सरळ प्रमाणात. आता बीमला दोन्ही टोकांनी आडवं कोणी ओढत किंवा ढकलत नसेल, नुसतं वरून वजन असेल, तर कुठल्याही ठिकाणी बीम कापून बघितला तर वरचं एकूण ढकलणं आणि खालचं एकूण ओढणं हे सारखंच असलं पाहिजे, नाहीतर बीम एका बाजूला सरकत जाईल. ताण अंतराच्या प्रमाणात असल्यामुळे ही अट म्हणजेच वरचं क्षेत्रफळ गुणिले अंतर बरोबर खालचं क्षेत्रफळ गुणिले अंतर. आणि हे जिथे जुळतं तो सेंट्रॉइड. बस, न्यूट्रल अ‍ॅक्सिस सेंट्रॉइडमधून जाते याचं कारण एवढंच आहे. उंचीच्या मध्याशी त्याचा काही संबंध नाही. आयत आणि आय सेक्शनमध्ये तो योगायोगाने मध्यावर येतो आणि त्यामुळे सवय लागते.

तुझ्या बीममध्ये मोजायला सगळ्यात खालच्या कडेपासून सुरुवात कर. कुठूनही केलीस तरी चालेल पण खालून केली की सगळी अंतरं प्लस येतात, वजाबाकीच्या चिन्हात घोळ होत नाही. वेब म्हणजे उभी पट्टी, तिचं क्षेत्रफळ १० × १५० = १५०० आणि तिचा मध्य खालून ७५ वर. फ्लँज म्हणजे आडवी पट्टी, क्षेत्रफळ १५० × १० = १५०० आणि तिचा मध्य १५० अधिक ५ म्हणजे १५५ वर. (इथे अनेकजण १५० किंवा १६० लिहितात, फ्लँजची खालची किंवा वरची कड. मध्य पाहिजे, कड नाही.)

```
ȳ = (१५०० × ७५ + १५०० × १५५) / (१५०० + १५००)
  = (१,१२,५०० + २,३२,५००) / ३०००
  = ११५ मिमी (खालच्या कडेपासून)
```

दोन्ही क्षेत्रफळं सारखी म्हणून ११५ हा ७५ आणि १५५ च्या बरोबर मध्ये आलाय, हे न मोजताही सांगता आलं असतं. क्षेत्रफळं वेगळी असली की अ‍ॅक्सिस मोठ्या क्षेत्रफळाकडे ओढली जाते, पण ती नेहमी या दोन मध्यांच्या दरम्यानच राहणार, उत्तर त्याच्या बाहेर आलं तर पुढे जाऊच नको, काहीतरी चुकलंय.

आता मित्राने ८० धरलं तर काय होतं बघ. ८० पासून फ्लँजचा मध्य ७५ वर, म्हणजे १५०० × ७५ = १,१२,५०० एका बाजूला. वेबचा मध्य ८० पासून ५ खाली, म्हणजे १५०० × ५ = ७५०० दुसऱ्या बाजूला. एक लाख बारा हजार विरुद्ध साडेसात हजार. म्हणजे वरचं ढकलणं खालच्या ओढण्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि हा बीम आडवा पळत सुटायला पाहिजे! तसं होत नाही, बीम स्वतःच आपली अ‍ॅक्सिस वर सरकवून घेतो जोपर्यंत दोन्ही बाजू जुळत नाहीत. ११५ वर बघ, फ्लँज ४० वर, वेब ४० खाली, दोन्हीकडे ६०,०००. जुळलं.

आणि ही चूक नुसते मार्क घालवणारी नाही, धोक्याची आहे. एकमेकांना समांतर अशा सगळ्या अ‍ॅक्सिसमध्ये सेंट्रॉइडवरून जाणारीचा I सगळ्यात कमी असतो. त्यामुळे अ‍ॅक्सिस चुकीची धरलीस, वर काय खाली काय, तर I नेहमी जास्तच येणार, म्हणजे बीम आहे त्यापेक्षा दणकट दिसणार. त्यात वर मित्राने खालच्या कडेचं अंतर ८० धरलं, खरं ११५ आहे. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी एकाच दिशेला. समज २ मीटरचा बीम, दोन टोकांना टेकवलेला, मध्यावर १० किलोन्यूटन म्हणजे साधारण एक टन. मोमेंट PL/4 म्हणजे ५ किलोन्यूटन-मीटर. मित्राच्या आकड्याने खालच्या कडेला ताण येतो ३५ मेगापास्कल, खरा आहे ७५. दुपटीहून जास्त.

आता तुझी चूक, ही मला जास्त आवडते, कारण तुझ्या २८.२५ लाखाला खरंच अर्थ आहे.

तू काय केलंस, प्रत्येक पट्टीचा bd³/12 काढला. वेबचा १० × १५०³ / १२ = २८,१२,५००, फ्लँजचा १५० × १०³ / १२ = १२,५००, आणि बेरीज. पण हे दोन I आपापल्या मध्यावरून आहेत, वेबचा वेबच्या मध्यावरून, फ्लँजचा फ्लँजच्या मध्यावरून. दोघांच्या अ‍ॅक्सिस वेगळ्या, त्यांची बेरीज म्हणजे दोन्ही पट्ट्या एकावर एक नुसत्या ठेवल्यात, मधे वेल्ड नाही, ग्रीस लावल्यासारख्या एकमेकींवर घसरतायत आणि प्रत्येक आपली आपण वाकतेय. असा बीम बनवता येतो, आणि त्याचा I खरोखर २८.२५ लाखच येतो. आडव्या पट्टीचे १२,५०० बघ, ती जवळपास काहीच करत नाहीये, सगळं वेबच्या डोक्यावर.

वेल्ड मारलास की दोन्ही पट्ट्या एकाच अ‍ॅक्सिसभोवती वाकायला बांधल्या जातात, ती अ‍ॅक्सिस ११५ वर, आणि प्रत्येकीचा मध्य तिच्यापासून ४० लांब. या लांबीची जी भर पडते ती Ad²:

```
फ्लँज: १२,५००    + १५०० × ४०² = १२,५००    + २४,००,००० = २४,१२,५००
वेब:   २८,१२,५०० + १५०० × ४०² = २८,१२,५०० + २४,००,००० = ५२,१२,५००
I = ७६,२५,००० मिमी⁴
```

म्हणजे पॅरलल अ‍ॅक्सिसची Ad² ही टर्म पुस्तकात कोरडी वाटते पण ती दुसरं तिसरं काही नाही, वेल्डचं काम आहे. ४८ लाख वेल्डने आणले. २८.२५ वरून ७६.२५, जवळपास पावणेतीन पट. आणि फ्लँज जी आधी १२,५०० ची होती तिने एकटीने २४ लाख दिले, कारण ती लांब आहे. फ्लँजचा स्वतःचा bd³/12 इतका किरकोळ असतो की साइटवर घाईत आम्ही तो सोडूनच देतो, परीक्षेत मात्र लिही.

हे मला कळलं ते वर्गात नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका शेडमध्ये मेझनाइनचं काम होतं, असेच पट्ट्यांचे टी करून घातले होते. ड्रॉइंगवर सलग वेल्ड होता. वेल्डरने टोकांना आणि मधे एखादा असे टॅक मारून ठेवले, "पात्रांव, बाकीचं मागाहून मारतो", आणि मागाहून मारायच्या आधी रंगारी येऊन रंग मारून गेला. रंगाखाली काय दिसतंय? गोणी चढल्यावर माळा डोळ्याला दिसेल इतका खाली आला. मी रात्रभर I परत परत काढत बसलो, आकडा बरोबरच येत होता. शेवटी माझ्या तेव्हाच्या साहेबांनी शिडी लावून बीमचं टोक बघायला सांगितलं. तिथे फ्लँज आणि वेबच्या सांध्यावर रंगाला लांब बारीक चीर गेलेली, टॅक तुटलेले, आणि फ्लँजचं टोक वेबच्या टोकाशी फ्लश राहिलेलं नव्हतं, नखाला लागेल इतकं सरकलेलं. म्हणजे कागदावर वेल्डवाला बीम होता आणि जागेवर तुझा २८ लाखवाला!

हे घसरणं मध्यावर बघशील तर दिसणार नाही, मध्यावर शून्य असतं, टोकांना सगळ्यात जास्त. त्यामुळे शंका आली की टोक बघायचं. तुझ्याच २ मीटरच्या बीमला वेल्ड नसेल तर एका टनाला टोकाची घसर साधारण ०.३५ मिमी येते. ऐकायला काहीच नाही पण रंग तडकायला पुरेशी आहे.

वेल्डला किती जोर येतो तेही याच आकड्यांतून निघतं म्हणून सांगून टाकतो. फ्लँजचा Q म्हणजे क्षेत्रफळ गुणिले तिच्या मध्याचं अ‍ॅक्सिसपासून अंतर, १५०० × ४० = ६०,०००. मध्यावर फ्लँजमधे एकूण दाब MQ/I येतो, म्हणजे ३९ किलोन्यूटन, जवळपास ४ टन. वर वजन एक टनच ठेवलंय हां! आणि हे ४ टन फ्लँजमधे शिरायला दुसरा रस्ता नाही, टोकापासून मध्यापर्यंतच्या १ मीटर वेल्डमधूनच जाणार. दर मिमीला ३९ न्यूटन. दोन्ही बाजूंनी ४ मिमीचा सलग फिलेट असेल तर त्याला हे अगदीच हलकं, ७ मेगापास्कलच्या आसपास. पण तेच ४ टन टोकाच्या एका टॅकवर आले तर तो तुटणारच, तुटला.

आता उत्तर तपासायचं कसं. तीच गणितं परत करून तपासू नको, डोळा त्याच चुकीवरून परत जातो. मी वेगळ्या वाटेने जातो. अ‍ॅक्सिसवर उभा राहा आणि अ‍ॅक्सिसला टेकलेले आयत बघ, कारण अ‍ॅक्सिसला कड टेकलेल्या आयताचा I सरळ bh³/3 असतो, Ad² लागतच नाही. अ‍ॅक्सिसच्या खाली वेबचा १० रुंद ११५ उंच आयत. अ‍ॅक्सिसच्या वर ४५ मिमी आहे, तिथे आधी पूर्ण १५० रुंद आयत भरलेला समज आणि मग वेबच्या दोन्ही बाजूंची पोकळी, ७० अधिक ७० म्हणजे १४० रुंद आणि ३५ उंच, वजा कर.

```
१० × ११५³ / ३  =   ५०,६९,५८३
१५० × ४५³ / ३  = + ४५,५६,२५०
१४० × ३५³ / ३  = − २०,००,८३३
                  -----------
                   ७६,२५,०००
```

तंतोतंत. ही वाट मला इतकी आवडते की आता पहिल्यांदाच अशी काढतो आणि Ad² ने तपासतो. फक्त लक्षात ठेव, ही वाट अ‍ॅक्सिस बरोबर आहे की नाही हे सांगत नाही, ८० धरून केलंस तरी १ कोटी १३ लाख दोन्ही वाटांनी जुळून येतील. अ‍ॅक्सिसची तपासणी वेगळी, वरचं आणि खालचं ६०,००० जुळतंय का ती.

युनिटचं एक. टेबलात I सेमी⁴ मध्ये असतो, मिमी⁴ ला १०,००० ने भागायचं, १० ने नाही आणि १००० नेही नाही. तुझा बीम ७६२.५ सेमी⁴.

यापुढे I वर थांबू नकोस, टी मध्ये वरची आणि खालची कड सारख्या अंतरावर नसते, त्यामुळे सेक्शन मॉड्युलस दोन निघतात. वर ४५ म्हणून I/y = १,६९,४४४, खाली ११५ म्हणून ६६,३०४. ताण वर २९.५ आणि खाली ७५ मेगापास्कल. कमी मॉड्युलसची बाजू ठरवते. आय सेक्शनच्या सवयीने एकच Z काढून लोक मोकळे होतात आणि नेमका वरचा काढतात. टी उलटा केलास, फ्लँज खाली, तर I तोच, आकडे तेच, फक्त दाब आणि ताण जागा बदलतात. स्टीलला दोन्ही सारखंच त्यामुळे वाटतं काही फरक नाही, पण मग वेबची मोकळी कड दाबात जाते, आणि १५० उंच १० जाड पट्टीची मोकळी कड दाबली की ती बाजूला वळायला बघते. कँटिलिव्हर ब्रॅकेटमध्ये फ्लँज वर असूनही हेच होतं कारण तिथे खालची बाजू दाबात. I हे सांगणार नाही, ते वेगळं तपासावं लागतं.

हे सगळं एकाच मटेरियलच्या बीमला, तेही न तडकलेल्या. तुमच्या पुढच्या सेमला आरसीसीचा टी बीम येईल, स्लॅब फ्लँज आणि खालचा बीम वेब, तिथे हा ११५ काढायचा प्रकार तसाच लावू नको. काँक्रीट ताणात तडकतं, अ‍ॅक्सिसच्या खालचं काँक्रीट मोजायचंच नसतं, तिथे फक्त सळ्या, त्यामुळे अ‍ॅक्सिस वेगळ्या ठिकाणी येते. आणि फ्लँजची रुंदी किती धरायची हा तिथे स्वतंत्र प्रश्न आहे, आयएस ४५६ त्याचा फॉर्म्युला देतं. बार्जवर आम्हाला हाच प्रश्न यायचा, हलची प्लेट सलग पसरलेली आणि आतून उभ्या पट्ट्या वेल्ड केलेल्या, प्रत्येक पट्टी आणि तिच्या वरची प्लेट मिळून एक टी, पण प्लेट किती रुंद धरायची? सगळी धरलीस तर पट्टीपासून लांबची प्लेट कामच करत नसते आणि I फुगतो.

शेवटी सरावाला एक देतो, दोन्ही क्षेत्रफळं सारखी नसलेलं, आणि आपल्याकडचंच. तुझाच बीम दर्याकाठच्या शॅकवर लावला. वरची फ्लँज छपराखाली झाकलेली म्हणून टिकली, वेबला खारी हवा दोन्ही बाजूंनी लागून एकेक मिमी गंजून गेला, म्हणजे वेब आता ८ × १५०. (खालची कडही खाते पण सोडून दे.) वेबचं क्षेत्रफळ १२००. अ‍ॅक्सिस कुठे जाईल, आधी अंदाज कर. गंजलेल्या वेबपासून लांब, वर, ११९.४ वर येते. I येतो साधारण ६५.३ लाख. I चौदा टक्क्यांनीच उतरला असं वाटतं, पण खालची कड अ‍ॅक्सिसपासून अजून लांब गेली, त्यामुळे खालचा मॉड्युलस ६६,३०४ वरून ५४,६६३ वर येतो, म्हणजे साडेसतरा टक्के. ताण ७५ चा ९१ होतो. bh³/3 ने तपासून बघ, पोकळीची रुंदी आता १४० नाही, १४२ आहे, तिथे फसशील.